सज्ज्यातील खत : कंपोस्ट की गांडूळखत?

तालुक्याच्या गावी आता दोनतीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुलांच्या शिक्षणाकरिता किंवा नोकरीकरिता शेतकरी कुटुंबांतील अनेक माणसे तेथे राहावयास गेली आहेत. अंगण व परसू मागे राहिले तरी मातीची ओढ सुटत नाही. घराच्या सज्ज्यात, म्हणजे गॅलरीत, मिरची, कोथिंबीर, पुदिना, तुळस, मोगरा अशा पंधरावीस कुंड्या मांडल्या जातात आणि त्यांना खत हवे म्हणून स्वयंपाकघरातील ओला कचरा एका झाकणाच्या डब्यात साठविण्यास आरंभ होतो. पंधरा दिवसांत डब्यास घाण सुटते, खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करतात आणि डबा कचऱ्याच्या गाडीत रिता होतो. काही जण त्यानंतर गांडुळे आणून पाहतात. ती हिवाळाभर चांगली राहतात आणि एप्रिल-मे महिन्यांत एका दुपारीत मरून जातात. अशा वेळी गावाकडील कृषी सहायकास किंवा ग्रामसेवकास प्रश्न विचारला जातो, की सज्ज्यात कंपोस्ट करावे की गांडूळखत?

दोन्ही खते चांगली आहेत. परंतु शेतावर ज्या रीतीने ती तयार होतात ती रीत जशीच्या तशी सज्ज्यात नेता येत नाही. असे का होते हे कळले म्हणजे कोणत्या सज्ज्यात कोणते खत करावे, त्यास कोणता माल लागतो, किती काळ लागतो आणि दुर्गंध कशाने सुटतो, या सर्वांचा उलगडा होतो.

ढीग आणि डबा

कंपोस्टची शास्त्रीय पद्धत इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी बसविली व १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर देऊन, ओल राखून आणि ढीग वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत त्यांनी काळेभोर खत तयार केले. ज्याने असा ढीग लावला आहे त्यास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. चारपाच दिवसांनी ढिगात हात घातला तर चटका बसतो. ढिगातील असंख्य सूक्ष्म जंतू कचरा खात असताना उष्णता निर्माण करतात व ढिगाच्या पोटातील उष्णतामान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. या उष्णतेने कुजण्याची क्रिया वेगाने होते, तणांचे बी मरते आणि रोगजंतूंचाही बराचसा नाश होतो.

ही उष्णता ढिगात टिकते, कारण बाहेरचा थर आतल्या थरास गोधडीप्रमाणे पांघरूण घालतो. त्याकरिता ढीग लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनी सुमारे तीन फुटांचा, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर तरी असावा लागतो. सज्ज्यात ठेवण्याजोगा मोठा डबा फार तर ४० लिटरांचा असतो. तो एक घनमीटराचा पंचविसावा हिस्सा झाला. त्यात जंतू तेच असतात, कामही तेच करतात, परंतु निर्माण झालेली ऊब डब्याच्या पातळ भिंतींतून बाहेर निघून जाते. म्हणून सज्ज्यातील कंपोस्ट क्वचित कोमट होते, तापत मात्र नाही. ते सावकाश कुजते व त्यातील बी जिवंत राहते. अशा खतातून कुंडीत टोमॅटोची, मिरचीची व भोपळ्याची रोपे आपोआप उगवतात. त्यात वाईट काही नाही, परंतु रोगट झाडाची पाने व तणांची बोंडे अशा डब्यात घालू नयेत, कारण ती मारण्याइतकी उष्णता तेथे नसते.

गांडूळखताचे तत्त्व याहून निराळे आहे. तेथे उष्णता लागत नाही, उलट ती घातक ठरते. अर्धवट कुजलेला पदार्थ व त्यावरील जंतू गांडूळ गिळते आणि त्याच्या आतड्यातून तो बारीक दाण्याच्या रूपाने बाहेर पडतो. ज्या पेटीत माल तापत नाही तीच गांडुळास मानवते. म्हणजे लहान डबा न तापणे हा कंपोस्टच्या दृष्टीने जो दोष, तोच गांडुळांच्या दृष्टीने गुण होय. परंतु सज्ज्यात उष्णता आतून आली नाही तरी बाहेरून, उन्हाच्या रूपाने येते. दोन पद्धतींपैकी कोणती निवडावी याचा निर्णय मुख्यतः या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

लागणारा माल

दोन्ही पद्धतींत माल दोन प्रकारचा लागतो. पहिला ओला व हिरवा : भाज्यांची देठे व साली, फळांच्या साली, निवडलेल्या पालेभाजीचा टाकाऊ भाग, चहाचा चोथा, देवाचे निर्माल्य. यात नत्र अधिक व पाणी फार असते. भाजीच्या सालींत दहा भागांपैकी साडेआठ ते नऊ भाग पाणीच असते. दुसरा सुका व तपकिरी : वाळलेला पालापाचोळा, सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार, नारळाच्या काथ्याचा भुसा, फाडलेला पुठ्ठा व वर्तमानपत्रे. यात कर्ब अधिक व पाणी थोडे असते. जंतूंना नत्राच्या सुमारे पंचवीस ते तीस पट कर्ब मिळाला म्हणजे त्यांचे काम उत्तम चालते. हे प्रमाण घरी मोजता येत नाही व मोजण्याची आवश्यकताही नाही. एक वाटी चिरलेला ओला कचरा असेल तर त्यावर एक ते दोन वाट्या चुरलेला पाला, एवढा हिशेब पुरेसा आहे. लाकडाच्या भुशात कर्ब अतिशय असतो, म्हणून तो एकट्याने न वापरता पाल्यात मूठभर मिसळावा.

सुका माल केवळ कर्बाकरिता घालावयाचा नसतो. तो ओल्या सालींतून सुटणारे पाणी शोषून घेतो व थरांमध्ये हवा खेळती ठेवतो. शहरात राहणाऱ्या कुटुंबाजवळ ओला कचरा रोज तयार होतो, सुका माल मात्र आणावा लागतो, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. पानगळीचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल हा असतो. त्या वेळी रस्त्याच्या कडेचा शिरीष, करंज अशा बारीक वा नरम पानांच्या झाडांचा पाला गोणीत भरून कोरड्या जागी ठेवावा. वड, फणस व आंबा यांची पाने चिवट असल्याने ती हाताने चुरूनच घालावीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोरडा पाला कोठेही मिळत नाही व नेमकी त्याच वेळी त्याची गरज सर्वांत अधिक असते. गावाकडून शहरातील नातलगांकडे जाणाऱ्याने धान्याबरोबर कुटाराची एक गोणी नेली तर ती या कामी फार उपयोगी पडते.

कंपोस्टच्या डब्यात लिंबूवर्गीय फळांच्या साली, कांद्याच्या साली व मिरचीची देठे बेताने चालतात. गांडुळांच्या पेटीत मात्र ती टाळावीत, कारण आंबट व तिखट पदार्थांपासून गांडुळे दूर पळतात. मीठ व तेल असलेले शिजलेले अन्न, दही, मांस-मासळी हे पदार्थ दोन्हींत घालू नयेत. ते सडताना घाण येते, उंदीर येतात आणि मीठ तर गांडुळांच्या ओलसर त्वचेस थेट बाधते. आपल्याकडील चहाच्या चोथ्यात दूध व साखर असते. तो एकदा पाण्याने धुऊन पिळून घातला म्हणजे मुंग्या व चिलटे येत नाहीत. निर्माल्यातील दोरे, तारा व चकचकीत कागद काढून टाकावेत. अंड्यांची टरफले वाळवून, कुटून घालण्यास हरकत नाही.

गांडुळांसाठी या मालाशिवाय बिछाना लागतो. काथ्याचा भुसा भिजवून पिळलेला, वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्या आणि मुरलेले, थंड झालेले शेणखत यांचे चारपाच इंचांचे मिश्रण हा उत्तम बिछाना होय. ताजे शेण तापते, म्हणून ते वापरू नये.

कोणते गांडूळ आणावे याविषयी गैरसमज आहे. पहिल्या पावसानंतर शेतात व बांधावर दिसणारी गांडुळे पकडून पेटीत सोडली जातात व ती टिकत नाहीत. ती मातीत बिळे करून राहणारी व माती खाणारी जात आहे. खतासाठी पृष्ठभागालगतच्या कुजक्या पदार्थांत राहणारी जात हवी. आयसेनिया फेटिडा व युड्रिलस युजेनी या त्यांपैकी प्रचारातील जाती असून पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्या देशातील जात आहे. तालुक्यात कोणाचे गांडूळखताचे चालू वाफे असतील तर तेथील गांडुळे, ज्या खतात ती वाढली त्यातील थोड्या खतासह आणावीत.

लागणारा काळ

सज्ज्यातील कंपोस्टच्या डब्यास भरण्याचा काळ व मुरण्याचा काळ असे दोन काळ असतात. रोज थोडाथोडा कचरा पडत असल्याने डब्याच्या तळाशी महिनाभरापूर्वीचा आणि वर कालचा माल असतो. म्हणून एकाच डब्यात घालीत राहिल्यास खत कधीच सर्वत्र तयार होत नाही. डबा भरला की त्यात नवीन काही न घालता तो बंद ठेवावा व दुसरा डबा सुरू करावा. भरलेल्या डब्यातील माल दर आठवड्यास हाताच्या खुरप्याने तळापासून वर करावा. ओल राखल्यास बंद केल्यापासून सुमारे दोन महिन्यांत खत तयार होते. हिवाळ्यात आणखी दोनतीन आठवडे लागतात. माल बोटाच्या पेरापेक्षा मोठा न ठेवता चिरून घातल्यास काळ कमी होतो.

गांडूळखतास पहिल्या वेळी याच्या इतकाच, दोन ते तीन महिन्यांचा काळ लागतो. गांडुळे आणली म्हणजे उद्यापासून कचरा नाहीसा होईल ही अपेक्षा चुकीची आहे. परिस्थिती अनुकूल असता गांडूळ आपल्या वजनाच्या अर्ध्याइतके खाद्य रोज खाते. पाव किलो गांडुळे आणली तर ती रोज सव्वाशे ग्रॅमपर्यंत कचरा संपवितील, आणि नव्या जागेत पहिले काही आठवडे त्याहूनही कमी. त्यांची संख्या दुप्पट होण्यास दोनतीन महिने जातात. शिवाय पेटीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा असते. एका चौरस फुटास रोज ६० ते ७० ग्रॅमपेक्षा अधिक कचरा घालू नये. फळांच्या सामान्य प्लास्टिक क्रेटचे तोंड सुमारे पावणेदोन चौरस फुटांचे असते. म्हणजे एका क्रेटला रोज सुमारे शंभर ग्रॅम आणि दोन क्रेटना दोनशे ग्रॅम पुरे. कंपोस्टच्या डब्यास एखाद्या दिवशी दुप्पट कचरा घातला तर दुप्पट पाला घालून भागते. गांडुळांस पाहुण्यांच्या दिवशीचा कचरा एकदम खाता येत नाही.

कंपोस्टच्या डब्याचा हा मोठा फायदा आहे. गांडूळखताचा फायदा असा, की त्यात माल वरखाली करण्याचे श्रम नाहीत व तयार खत बारीक, रवाळ आणि चाळण्यास सोपे असते.

दुर्गंध कशाने सुटतो

कंपोस्टला घाण येते आणि गांडूळखताला येत नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे खरे नाही. योग्य रीतीने चाललेल्या दोन्ही डब्यांना पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, आणि बिघडलेल्या दोन्ही डब्यांना सारखीच घाण येते. वास हा पद्धतीचा गुण नसून डब्यातील हवा व पाणी यांच्या स्थितीची ती खूण आहे. ती ओळखता आली म्हणजे उपायही सापडतो.

सडक्या अंड्यासारखी किंवा गटारासारखी घाण येत असेल तर डब्यात पाणी अधिक झाले आहे व हवा कोंडली आहे. पदार्थांच्या कणांमधील पोकळी पाण्याने भरली की प्राणवायूवर जगणारे जंतू मागे पडतात व प्राणवायूशिवाय जगणारे जंतू वाढतात. घाणेरडे वायू हे त्यांचे कार्य होय. अशा वेळी माल वर्तमानपत्रावर काढून, सुका पाला मिसळून मोकळा करावा व डब्याच्या तळाची भोके बुजली असल्यास उघडावीत. आंबूस, ताकासारखा वास येत असेल तर फळांच्या साली, भात यांसारखा लवकर आंबणारा माल एकदम फार पडला आहे. त्यास सुका पाला, कुटलेली अंड्याची टरफले आणि चार दिवसांची विश्रांती हा उपाय होय. डोळ्यांत झोंबणारा, मुतारीसारखा उग्र दर्प असेल तर तो अमोनियाचा असतो. पालेभाजी, शेण अशा नत्रयुक्त मालाच्या मानाने कर्ब कमी पडून नत्र हवेत निघून चालले आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे दर्पाबरोबर खताचे सत्त्वही जाते. त्यावर पुठ्ठा किंवा पाला घालावा, चुना किंवा राख घालू नये. त्यांनी अमोनिया अधिकच सुटतो.

ओल योग्य आहे की नाही हे मुठीने पाहता येते. डब्याच्या मध्यातील माल मुठीत घेऊन जोराने दाबावा. बोटांच्या फटींत एकदोन थेंब आले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर पाला घालावा. थेंब न येता मूठ उघडताच माल भुगा होऊन पडला तर पाणी शिंपडावे. गांडुळांच्या पेटीस याहून किंचित अधिक ओल चालते, परंतु धार तिथेही नको.

गांडुळांच्या पेटीतील दुर्गंध अधिक गंभीर मानावा. गांडूळ त्वचेने श्वास घेते, म्हणून हवा कोंडली की ते प्रथम पेटीच्या कडांवर व झाकणाला चढते. अनेक गांडुळे वर चढलेली दिसली तर खाद्य घालणे त्याच दिवशी थांबवावे. आदल्या वेळचे खाद्य संपल्याशिवाय नवे घालू नये, हा एकच नियम पाळला तरी या पेटीस सहसा घाण येत नाही.

चिलटे दोन्हींकडे येतात. कचरा उघडा राहिला म्हणजेच ती येतात. प्रत्येक वेळी कचऱ्यावर पाल्याचा किंवा बिछान्याचा दोन बोटे जाडीचा थर द्यावा. कंपोस्टच्या डब्यात कधी कधी जाड, तपकिरी, चपट्या अळ्या दिसतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात व माणसास किंवा झाडास अपाय करीत नाहीत. परंतु त्या फार झाल्या तर डबा अतिओला झाला आहे असे समजावे. मुंग्या आल्या तर उलट डबा फार कोरडा झाला आहे.

डब्याखाली ताटली ठेवणे सज्ज्यात अत्यावश्यक आहे. तळाच्या भोकांतून गळणारे तपकिरी पाणी खालच्या सज्ज्यातील वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले तर वास न येताही भांडण होते. हे पाणी साठू देऊ नये. दहापट साध्या पाण्यात मिसळून ते फुलझाडांच्या मुळाशी घालावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीसारख्या पानांवर ते शिंपडू नये.

एका सज्ज्याचे उदाहरण

समजा, एक चार माणसांचे कुटुंब दुसऱ्या मजल्यावर राहत आहे व त्याचा सज्जा पश्चिमेस तोंड करून आहे. घरात रोज सुमारे अर्धा किलो खतायोग्य ओला कचरा निघतो. सज्ज्याच्या एका कोपऱ्यात भिंतीची सावली असते, बाकी भागात दुपारी दोन ते सूर्यास्तापर्यंत ऊन असते.

सर्व कचरा गांडुळांना घालावयाचा म्हटले तर सात ते आठ चौरस फुटांची पेटी, म्हणजे चारपाच क्रेट लागतील. तेवढी सावलीची जागा येथे नाही. म्हणून या कुटुंबाने ४० लिटरांचे तीन डबे घ्यावेत. तळाला व बाजूंना बोटभर अंतराने बारीक भोके पाडावीत, डबे विटांवर ठेवावेत व खाली ताटल्या ठेवाव्यात. तळाशी चार इंच पाला घालून, रोज अर्धा किलो चिरलेला कचरा व त्यावर सुमारे दीड ते दोन लिटर चुरलेला पाला, असे घालीत जावे. आरंभी मूठभर जुने खत किंवा चांगली माती घातली म्हणजे जंतूंचे विरजण लागते.

रोजचा ओला व सुका माल मिळून तीन लिटर होतो. महिन्याचा नव्वद लिटर. तो ४० लिटरांच्या डब्यात कसा मावेल, अशी शंका येईल. परंतु साली नरम पडून व पाणी उडून माल रोज खाली बसतो आणि डबा भरण्यास साधारण महिना लागतो. पहिला डबा जानेवारीच्या आरंभी सुरू केला तर तो महिन्याच्या अखेरीस भरतो, दुसरा फेब्रुवारीत व तिसरा मार्चमध्ये भरतो. तिसरा भरेपर्यंत पहिल्यास मुरण्यास दोन महिने मिळालेले असतात. तो एप्रिलच्या आरंभी रिकामा करून पुन्हा सुरू करता येतो. असे चक्र वर्षभर चालते.

एका डब्यातून किती खत मिळेल? महिन्याचा ओला कचरा १५ किलो. त्यातील पाणी वगळता भरीव भाग सुमारे दोन किलो. पाला सुमारे चार किलो. म्हणजे कोरडा माल सहा किलो झाला. त्यातील निम्मा कुजताना वायुरूपाने निघून जातो व तीन किलो राहतो. तयार खतात निम्म्याच्या जवळपास ओल असते हे धरल्यास पाच ते सहा किलो खत हाती येते. १९ किलो घालून सहा किलो मिळाले म्हणजे काही चुकले, असे समजू नये. वीस कुंड्यांस दर महिन्यास प्रत्येकी दोन मुठी देण्यास ते पुरते.

आता याच सज्ज्यातील सावलीच्या कोपऱ्यात एक क्रेट गांडुळांचे ठेवता येईल. क्रेटला आतून हिरव्या जाळीचे अस्तर द्यावे, चारपाच इंच बिछाना घालावा व पाव किलो गांडुळे सोडावीत. येथे ताजा कचरा न घालता, कंपोस्टच्या भरत्या डब्यातील दहापंधरा दिवस नरम पडलेला माल रोज शंभर ग्रॅम बिछान्याखाली पुरावा. या रीतीने दोन पद्धती एकमेकींस पूरक होतात. डबा सालींचा पहिला ओलसरपणा व आंबूसपणा सोसतो आणि गांडुळांस तयार घास मिळतो.

मार्चच्या अखेरीस या क्रेटकडे विशेष लक्ष द्यावे. आयसेनिया फेटिडास १५ ते २५ अंश उष्णतामान मानवते. ३५ अंशांच्या पुढे ते जगत नाही. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात मे महिन्यात सावलीतच हवा ४० अंशांच्या वर जाते. क्रेटभोवती ओले गोणपाट गुंडाळले व दिवसातून दोनदा भिजविले तर वाऱ्याने पाणी उडून आतील माल काही अंश थंड राहतो. या काळात खाद्य निम्मे करावे, कारण अधिक कचरा पेटीत स्वतःची ऊब निर्माण करतो. तरीही दुपारी माल हातास गरम लागत असेल तर क्रेट घरात, मोरीलगतच्या थंड कोपऱ्यात न्यावे. हे शक्य नसेल तर उन्हाळ्यापूर्वी गांडुळे गावाकडील झाडाखालच्या वाफ्यात परत करून पावसाळ्यात पुन्हा आणावीत. कोकणात एवढा दाह नसतो, परंतु तेथे जून ते सप्टेंबर या काळात क्रेटवर पावसाची झड येणार नाही अशी व्यवस्था करावी. बुडालेला बिछाना तापलेल्या बिछान्याइतकाच घातक होय.

खत तयार झाले हे कसे ओळखावे

तयार कंपोस्ट काळसर तपकिरी, भुसभुशीत असते व सालींचे मूळ रूप त्यात ओळखू येत नाही. एखादी काडी वा आंब्याची कोय राहिली तर ती चाळून पुढील डब्यात टाकावी. संशय असल्यास ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवावे. उघडताच मातीचा वास आला तर खत पक्के, आंबूस वा उग्र आला तर कच्चे. दुसरी परीक्षा हळिवाच्या बियांची. एका बशीत खत व माती समभाग आणि दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत वीस-वीस बिया टाकाव्यात. चारपाच दिवसांत दोन्हींकडे सारखी उगवण झाली तर खत कुंडीत घालण्यास हरकत नाही. खताच्या बशीत बिया कमी उगवल्या किंवा मुळे पिवळी पडली तर आणखी दोन आठवडे थांबावे. कच्चे खत कुंडीच्या लहानशा मातीत कुजू लागले म्हणजे जंतू मातीतील नत्र स्वतःकडे ओढतात व रोप पिवळे पडते. शेतात हा दोष पसरून जातो, कुंडीत तो लगेच दिसतो.

गांडूळखत काढतेवेळी क्रेटमधील माल एका बाजूस सारून रिकाम्या बाजूस नवा बिछाना व खाद्य घालावे. दोनतीन आठवड्यांत बहुतेक गांडुळे खाद्याकडे सरकतात व जुन्या बाजूचे खत काढून घेता येते. त्यात राहिलेली लिंबाच्या बीपेक्षाही लहान, पिवळसर अंडकोषांची दाणे दिसल्यास ती परत बिछान्यात टाकावीत. पुढील पिढी त्यांतूनच निघते.

कोणते खत निवडावे

कार्यकर्त्याने सल्ला देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. सज्ज्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ऊन कोठवर येते? घरात रोज किती कचरा निघतो? सुका पाला ठेवण्यास कोरडी जागा आहे काय? सज्जा उत्तरेस वा पूर्वेस असून दुपारी सावली असेल, कचरा रोज दोनशे ग्रॅमच्या आत असेल आणि कुटुंब सुटीत महिनामहिना घर बंद ठेवीत नसेल, तर दोन क्रेटचे गांडूळखत करावे. सज्जा पश्चिमेचा वा दक्षिणेचा असेल, कचरा अधिक असेल किंवा तो कमीअधिक होत असेल, तर तीन डब्यांचे कंपोस्टच योग्य. बंद घरात कंपोस्ट महिनाभर पडून राहिले तर केवळ सुकते, गांडुळे मरतात. पाल्याची सोय नसेल तर मात्र दोहोंपैकी काहीही सुरू करू नये. प्रथम एक गोणी पाला आणावा व नंतर पहिली साल डब्यात टाकावी.